फण घरी करायचे की वाळूजहून आणायचे?

प्रश्न : पिशोरला (ता. कन्नड) वडिलांच्या काळापासून आमचे शेती अवजारांचे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरवर चालणारे नऊ फणी पेरणी यंत्र हा आमचा मुख्य माल. वर्षाला साधारण २०० यंत्रे जातात. त्यांना १,८०० फण लागतात आणि सुटे विकायला आणखी २००. असे २,००० फण आम्ही शेजारच्या भाड्याच्या गाळ्यात स्वतः करतो. आमचे हिशेबनीस सांगतात की एक फण ४९० रुपयांना पडतो. माझा भाचा वाळूज एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याने तिथल्या एका कारखान्याकडून फणाचा दर आणला आहे : पिशोरला पोच ४२० रुपये. भाचा म्हणतो, नगामागे ७० म्हणजे वर्षाला १,४०,००० रुपये वाचतील. वडील म्हणतात, आपला बहुतेक खर्च बसल्या जागी चालूच राहणार, मग वाचणार काय? गाळ्याचा करार मार्चअखेर संपतो आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, पिशोर

उत्तर : तुमची मागणी २,००० फणांची राहणार असेल तर फण घरीच करा. तेवढे फण बाहेरून आणले तर वर्षाला १,४०,००० वाचणार नाहीत, उलट ४०,००० रुपये जास्त जातील. तुमच्या भाच्याने आणलेला दर खोटा नाही आणि हिशेबनीसांची बेरीजही चुकलेली नाही. फक्त त्या ४९० रुपयांत दोन वेगळ्या जातीचे खर्च एकत्र बसले आहेत, आणि या निर्णयापुरते ते वेगळे करायला हवेत.

पत्रासोबत तुम्ही पाठवलेला खर्चाचा तक्ता आधी उलगडून पाहू. एका फणाला पट्टी आणि इतर लोखंड २६० रुपयांचे लागते. पट्टी कापणे, भट्टीत तापवून वाक देणे, टोकाला फाळ जोडणे आणि भोके पाडणे ही कामे तुम्ही नगावर देता, त्याची मजुरी ७० रुपये. वीज, कोळसा, वेल्डिंग रॉड आणि रंग मिळून ४० रुपये. हे झाले ३७०. फण केला तर हा खर्च होतो, नाही केला तर होत नाही. यावर तुमच्या घरात वाद नाही आणि असायचे कारणही नाही.

उरलेले १२० रुपये म्हणजे स्थिर खर्चाचा वाटा, ज्याला तुमचे हिशेबनीस ओव्हरहेड म्हणतात. वर्षाचा २,४०,००० रुपये खर्च २,००० फणांवर वाटला की नगाला १२० येतात. भाचा हे सगळे १२० वाचणार असे धरून चालला आहे. वडील त्यातले जवळपास काहीच वाचणार नाही असे म्हणत आहेत. खरे उत्तर या दोघांच्या मध्ये आहे आणि ते अंदाजाने नाही, एकेक रक्कम तपासून काढता येते.

त्या २,४०,००० मध्ये पाच रकमा आहेत. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न ठेवा : उद्या फण करणे थांबवले तर हा पैसा खरोखर जायचा थांबेल का?

पहिली रक्कम गाळ्याचे भाडे, महिना ४,००० प्रमाणे वर्षाचे ४८,०००. या गाळ्यात फणाची भट्टी आणि ग्राइंडर आहे, दुसरे काही होत नाही. फण बंद झाले तर गाळा सोडता येईल. हा खर्च टळतो. दुसरी रक्कम १२,०००, म्हणजे त्या गाळ्याच्या स्वतंत्र वीजमीटरचा स्थिर आकार आणि गाळ्यापुरता आगीचा विमा. मीटर बंद केला आणि विमा पुढे चालवला नाही तर हाही टळतो.

तिसरी रक्कम मिस्त्रींच्या पगाराचा वाटा. त्यांना महिना १५,००० मिळतात, त्यांचा दोन पंचमांश वेळ फणांवर जातो असे धरून वर्षाचे ७२,००० फणांच्या खात्यावर लिहिले आहेत. फण बंद झाले म्हणून मिस्त्री जाणार नाहीत. सांगाडा आणि पेटी जोडायला ते लागतातच. त्यांना महिन्याच्या शेवटी १५,००० द्यायचेच आहेत. टळणारे काही नाही. चौथी रक्कम प्रेसचा घसारा, ४०,०००. प्रेस मोठ्या शेडमध्ये आहे आणि इतर भागांनाही लागते, तिचे पैसे तुम्ही केव्हाच देऊन बसला आहात. हाही टळत नाही. पाचवी रक्कम ६८,००० : हिशेबनीसांचा पगार, फोन, मालमत्ता कर, मोठ्या शेडची डागडुजी यांचा फणांवर टाकलेला हिस्सा. फण असोत वा नसोत, यातला एक रुपयाही कमी होणार नाही.

आता बेरीज करा. २,४०,००० पैकी टळतात ते ६०,०००, म्हणजे नगाला ३० रुपये. उरलेले १,८०,०००, म्हणजे नगाला ९० रुपये, दोन्ही वाटांवर सारखेच सोबत येतात. जो खर्च दोन्हीकडे सारखा आहे तो निवड करताना दोन्हीकडून वगळायचा.

मग तुलना अशी उभी राहते :

| २,००० फणांसाठी | घरी केले तर | बाहेरून आणले तर |
|---|---|---|
| माल, नगावरची मजुरी, वीज वगैरे (नगाला ३७०) | ७,४०,००० | – |
| गाळ्याचे भाडे, मीटर, विमा | ६०,००० | – |
| खरेदी (नगाला ४२०) | – | ८,४०,००० |
| एकूण | ८,००,००० | ८,४०,००० |

घरचा फण या निर्णयापुरता ४०० रुपयांचा आहे, ४९० चा नाही आणि ३७० चाही नाही. भाच्याच्या हिशेबाने १,४०,००० चा फायदा दिसत होता. वडिलांचे म्हणणे शब्दशः घेऊन स्थिर खर्च पूर्ण वगळला असता तर बाहेरचा माल १,००,००० ने महाग दिसला असता. प्रत्यक्षात तो ४०,००० ने महाग आहे. वडिलांचा कौल बरोबर आहे, पण त्यांनी फरक वाढवून धरला. हा फरक किती, हे नेमके कळणे महत्त्वाचे आहे, कारण पुढची प्रत्येक घासाघीस आणि प्रत्येक बदल याच ४०,००० शी ताडून पाहायचा आहे. वाळूजचा कारखाना ४०० च्या खाली आला तर कौल फिरतो, ४१० ला आला तर फिरत नाही.

जीएसटीबद्दल एक खुलासा. वरचे सगळे आकडे कर सोडून आहेत. तुमची नियमित नोंदणी असेल आणि खरेदीवरच्या कराची जमा मिळत असेल तर तो दोन्ही बाजूंनी वगळणेच बरोबर. कंपोझिशन योजनेत असाल तर ती जमा मिळत नाही. तेव्हा पट्टीवर भरलेला कर घरच्या खर्चात आणि फणावर भरलेला कर खरेदीच्या किमतीत मिळवून तक्ता पुन्हा मांडा.

प्रश्न : मग हिशेबनीसांचे ४९० चुकीचे आहेत का? आम्ही यंत्राची किंमत त्यावरूनच ठरवतो.

उत्तर : चुकीचे नाहीत. वर्षभराचा सगळा खर्च विकलेल्या मालातून वसूल व्हायला हवा, म्हणून किंमत ठरवताना आणि शिल्लक मालाचे मूल्य काढताना स्थिर खर्चाचा वाटा धरावाच लागतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी १९२३ मध्ये ओव्हरहेड खर्चावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला मुख्य विचार हाच आहे की खर्चाचा एकच आकडा सगळ्या कामांना चालत नाही. ज्या कामासाठी आकडा हवा त्याप्रमाणे तो बदलतो. तुमचे ४९० किंमत ठरवायला आहेत, ४०० करायचे की आणायचे हे ठरवायला आहेत.

४९० वर विसंबून फण बाहेर दिले तर पुढे काय होते, तेही पाहून ठेवा. फणांवर टाकलेले १,८०,००० रुपये कुठेही जात नाहीत. पुढच्या वर्षी हिशेबनीस ते सांगाडा, बियाण्याची पेटी आणि चाकांवर वाटतील. २०० यंत्रांवर वाटले तर प्रत्येक यंत्राच्या उरलेल्या भागांवर ९०० रुपयांचा नवा बोजा येईल. मग पेटी महाग वाटू लागेल आणि कुणीतरी पेटीचा बाहेरचा दर घेऊन येईल. पेटी गेली की तोच बोजा सांगाड्यावर. असे एकेक काम बाहेर जाते, प्रत्येक वेळी कागदावर बचत दिसते आणि वर्षअखेरीला नफा मात्र घटलेला असतो.

हे वेळीच ओळखायची खूण सोपी आहे. एखादे काम बाहेर दिल्यावर पुढच्या वर्षीच्या जमाखर्चात नगामागचा खर्च पाहू नका, स्थिर खर्चाची एकूण रक्कम पाहा. जेवढी बचत सांगितली होती तेवढी ती रक्कम खरोखर उतरली का? तुमच्या बाबतीत ती जास्तीत जास्त ६०,००० ने उतरू शकते. कुणी त्याहून मोठी बचत सांगत असेल तर तो वाटप केलेला खर्च वाचलेला धरतो आहे.

प्रश्न : दुष्काळी वर्षात आमची निम्मी यंत्रेही जात नाहीत. तेव्हाही घरी करणेच बरे का?

उत्तर : हा प्रश्न तुमच्या सगळ्या प्रश्नांत मोलाचा आहे. स्थिर खर्चाचा काही भाग टळणारा असला की उत्तर मागणीच्या आकड्यावर अवलंबून राहते. स्थिर खर्चातले काहीच टळत नसते तर २०० फण असोत की २,०००, दर नगाला ३७० विरुद्ध ४२० एवढीच तुलना राहिली असती आणि घरचा माल नेहमीच स्वस्त ठरला असता. पण तुमचे ६०,००० असे आहेत की गाळा ठेवला तर पूर्ण द्यायचे, मग फण कितीही करा.

घरी केलेल्या प्रत्येक फणामागे खरेदीच्या मानाने ५० रुपये वाचतात, ४२० वजा ३७०. या पन्नास-पन्नास रुपयांतून आधी गाळ्याचे ६०,००० भरून निघायला हवेत. ६०,००० ला ५० ने भागले की १,२०० येतात. १,२०० फणांना दोन्ही वाटा सारख्या आहेत : घरी ४,४४,००० अधिक ६०,०००, म्हणजे ५,०४,०००, आणि १,२०० गुणिले ४२० म्हणजेही ५,०४,०००. याच्या वर घरचा माल स्वस्त, याच्या खाली बाहेरचा.

समजा पावसाने दगा दिला आणि ८०० च फण लागले. घरी केले तर २,९६,००० अधिक ६०,०००, एकूण ३,५६,०००. बाहेरून आणले तर ३,३६,०००. त्या वर्षी बाहेरचा माल २०,००० ने स्वस्त पडेल.

मराठवाड्यात ही शंका काल्पनिक नाही. २०१२, २०१५ आणि २०१८ अशा तीन वर्षी पावसाने आपल्या भागाला दगा दिला; २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षात शेतकरी नवे यंत्र घेत नाही, जुन्याचीच डागडुजी करतो. म्हणून एका वर्षाकडे बघून ठरवू नका. तीन बऱ्या वर्षांमागे एक कोरडे धरले तर घरी करून १,२०,००० वाचतात आणि २०,००० जातात, चार वर्षांत १,००,००० शिल्लक राहतात. एक वर्ष बरे आणि एक कोरडे असे आलटून पालटून धरले तरी दोन वर्षांत २०,००० घरच्या बाजूने उरतात. तेव्हा गाळा ठेवणे एकूणात योग्य आहे, पण फायदा वाटतो तेवढा भरभक्कम नाही.

यात दोन गोष्टी ताडून पाहा. एक, वाळूजचा ४२० चा दर २,००० नगांसाठी आहे. ८०० नगांचा दर वेगळा मागून लेखी घ्या. तो ४५० निघाला तर ८०० फणांना ३,६०,००० पडतील आणि कोरड्या वर्षातही घरचे ३,५६,००० च स्वस्त ठरतील. दुसरी, मागणीत सुटा माल मिळवून आणि गेल्या हंगामाची शिल्लक वजा करून आकडा धरा. या वर्षी २,००० लागणार असतील पण ९०० फण कोपऱ्यात पडून असतील तर करायचे फक्त १,१०० उरतात, आणि १,१०० हे १,२०० च्या खाली आहेत.

हवामान खात्याचा मान्सूनचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो. तुमचा गाळ्याचा करार मार्चअखेर संपतो आणि मृगाआधी विकायचे फण तोवर बरेचसे तयार व्हावे लागतात. म्हणजे पाऊस कळण्याआधीच तुम्हाला ठरवावे लागणार. म्हणूनच हा निर्णय चार-पाच वर्षांच्या विक्रीवहीवरून करायचा, यंदाच्या आभाळाकडे बघून नाही.

प्रश्न : मिस्त्रींचा वेळ मोकळा होईल त्याचे काय? आणि प्रेस जुनी आहे, ती विकली तर?

उत्तर : पगार टळत नाही म्हणून मिस्त्रींचा वेळ फुकट असे समजू नका. फण बाहेर दिले तर त्यांचा दोन पंचमांश वेळ मोकळा होतो. तो वेळ भट्टीशेजारी बसण्यात जाणार असेल तर हिशेबात त्याची किंमत शून्य. पण जूनमध्ये तुमच्या दारात रोटाव्हेटर आणि नांगर दुरुस्तीला येतात आणि मिस्त्री फणांत गुंतलेले म्हणून तुम्ही ते परत पाठवत असाल, तर घरी फण करण्याची ती खरी किंमत आहे, जरी ती कुठल्याही बिलात दिसत नसली.

ही किंमत काढायची रीत अशी. गेल्या वर्षी किती कामे परत पाठवली ते आठवून नाही, शक्य असेल तर या हंगामापासून वहीत लिहून काढा. प्रत्येक कामाच्या दुरुस्तीच्या पैशातून त्याला लागणारे सुटे भाग आणि वेल्डिंगचा खर्च वजा करा. जे उरते ती मिस्त्रींच्या मोकळ्या वेळेची किंमत. वर्षाला ही रक्कम ४०,००० च्या वर जात असेल तर सगळा कौल उलटतो. समजा ६०,००० उरतात. तर बाहेरून आणण्याचा खर्च ८,४०,००० वजा ६०,०००, म्हणजे ७,८०,००० झाला आणि घरच्या ८,००,००० पेक्षा २०,००० ने स्वस्त. एक काळजी मात्र घ्या : दुरुस्तीची गर्दी मे-जूनमध्ये असते. मिस्त्रींचे फणांचे काम जानेवारी ते मार्चमध्ये होत असेल तर मोकळा झालेला वेळ आणि परत गेलेली गिऱ्हाइके एकाच महिन्यातली नाहीत, आणि मग ही किंमत पुन्हा शून्यावर येते.

प्रेसच्या बाबतीत घसारा आणि विक्रीची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीतले ४०,००० हे पूर्वी दिलेल्या पैशांचे वर्षावार वाटप आहे, ते या निर्णयात येत नाही. पण फण थांबल्याने प्रेस खरोखर रिकामी होणार असेल आणि तिला आज गिऱ्हाईक असेल, तर आज मिळणारी किंमत आणि वर्षभराने मिळणारी किंमत यांतला फरक, शिवाय तेवढ्या पैशांवरचे व्याज, हा घरी करण्याचा खर्च धरायचा. तुमची प्रेस इतर भागांनाही लागते, ती विकता येणार नाही. म्हणून तुमच्यापुरता हा आकडा शून्य आहे.

प्रश्न : टळणारा खर्च नक्की टळेल याची खात्री कशी करावी?

उत्तर : टळू शकणारा खर्च आणि टळलेला खर्च यांत कागदाचे अंतर असते. गाळा घ्या. अकरा महिन्यांचा करार चालू असताना मध्येच फण बंद केले तर भाडे करार संपेपर्यंत द्यावे लागेल, किंवा करारात नोटिशीची अट असेल तर तेवढे महिने. तुमचा करार मार्चअखेर संपतो म्हणून आजच्या घडीला ते ४८,००० टळणारे आहेत. एप्रिलमध्ये नवा करार केला की तेच भाडे त्या करारापुरते न टळणारे होते. म्हणून हा हिशेब करायची योग्य वेळ मार्चच्या आधीची आहे, आणि नव्या करारात एका महिन्याच्या नोटिशीची अट घालून घेतली तर वर्षाच्या मध्येही तुमच्या हातात निवड राहील.

मीटरचेही तसेच. फण बंद झाले म्हणून स्थिर आकार आपोआप थांबत नाही. महावितरणकडे वीजजोडणी बंद करण्याचा अर्ज देईपर्यंत तो दर महिन्याला बिलात येत राहतो. वर्षभर कुणी अर्ज दिला नाही तर कागदावर टळलेला खर्च प्रत्यक्षात भरला जातो.

कधीकधी खर्च टाळायलाच पैसे लागतात. बजाज ऑटोने २००७ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातले दुचाकींचे उत्पादन थांबवले, तेव्हा कायम कामगारांचे वेतन यंत्रांसोबत थांबले नाही. स्वेच्छानिवृत्ती योजना द्यावी लागली. तुमच्या गाळ्याच्या बाबतीत भट्टी काढणे, जमीन पूर्ववत करून देणे, अनामत रकमेतून कापले जाणारे पैसे हे सगळे एकदाच होणारे खर्च आहेत. ते बाहेरून आणण्याच्या बाजूला लिहा. आणि दोन वर्षांनी फण पुन्हा घरी करावेसे वाटले तर भट्टी नव्याने बसवावी लागेल, हेही त्याच बाजूला.

खात्री करायला प्रत्येक टळणाऱ्या रकमेसमोर तीन गोष्टी लिहा : कोणत्या तारखेपासून थांबेल, ती थांबवायला कुणी काय करायचे आणि त्याला किती खर्च येईल. ज्या रकमेसमोर तारीख लिहिता येत नाही ती टळणारी धरू नका.

मजुरीच्या नावावरही विसंबू नका. तुमचे ७० रुपये खरोखर नगावर दिले जातात म्हणून ते टळतात. तेच दोन कामगार महिना पगारावर असते आणि फण बंद झाल्यावरही कामावर राहणार असते, तर ते ७० रुपयेही मिस्त्रींच्या पगारासारखेच न टळणारे ठरले असते. तेव्हा घरचा फण ४०० ऐवजी ३३० चा झाला असता.

प्रश्न : हिशेबापलीकडे आणखी काय बघावे?

उत्तर : दोन गोष्टी, आणि दोन्ही तुमच्या हंगामातून आलेल्या. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे असंख्य उद्योग वाढले. म्हणूनच आज पिशोरच्या वर्कशॉपला तिथून असा दर मिळू शकतो. पण तिथल्या कारखान्याचे मोठे गिऱ्हाईक वाहन उद्योग आहे. मे महिन्यात त्याची निकड आली तर तुमचे फण आठवडाभर मागे ठेवले जातील. मृग ७-८ जूनला लागतो. खरिपाच्या मक्याला यंत्र हवे असलेला शेतकरी १५ जूनपर्यंत थांबत नाही, तो कन्नडहून दुसरे यंत्र घेतो. बाहेरून घेण्याचे ठरलेच तर एप्रिलअखेर सगळा माल पोच ही अट आणि उशिराची कपात लेखी ठेवा.

दुसरी गोष्ट फणाची मजबुती. तुमच्या भागातल्या काळ्या चिकट जमिनीत किंवा दगड असलेल्या माळरानावर फण वाकला तर शेतकरी यंत्र घेऊन तुमच्याच दारात येणार, वाळूजला जाणार नाही. लेझरने कापलेला फण दिसायला सरळ आणि एकसारखा असतो, पण टोक कडक आहे की नाही हे दिसण्यावरून कळत नाही. मोठी ऑर्डर देण्याआधी २० फण मागवा, दोन यंत्रांवर लावून रब्बीच्या हरभऱ्याच्या पेरणीत चालवा आणि आपल्या फणांशी झीज मोजून बघा. १०० मागे तीन फण बाद निघाले आणि ते परत घेतले जात नसतील तर ४२० चा दर चांगल्या फणामागे ४३३ होतो. तेवढ्यानेच २,००० फणांमागचा फरक आणखी २६,००० ने वाढतो.

तेव्हा तुमच्यासाठी निकाल असा. या मार्चला गाळ्याचा करार पुढे चालू ठेवा, पण एका महिन्याच्या नोटिशीच्या अटीसह. या हंगामात मिस्त्री मोकळे नाहीत म्हणून परत गेलेल्या दुरुस्त्यांची नोंद वहीत ठेवा. वाळूजकडून २,००० आणि ८०० अशा दोन्ही संख्यांचे दर लेखी घ्या. पुढच्या फेब्रुवारीत तीन आकडे समोर ठेवा : शिल्लक वजा जाता लागणारे फण, परत गेलेल्या दुरुस्त्यांतून सुटणारी रक्कम आणि बाहेरचा नवा दर. फण १,२०० च्या वर, दुरुस्तीची रक्कम ४०,००० च्या खाली आणि दर ४०० च्या वर असेल तर फण घरीच करा. यांतला एकही आकडा दुसऱ्या बाजूला गेला तर तक्ता नव्याने मांडा, आणि त्यात ४९० चा आकडा घेऊ नका.